२६एएस दरवर्षी फुगतो: क्लायंटसाठी भरलेली सरकारी फी आपली कमाई म्हणून का दिसते, आणि ती बाहेर कशी काढायची

जुलै आला, रिटर्नची गडबड सुरू झाली, की कुडाळहून माझ्या एका कंपनी सेक्रेटरी मित्राचा फोन येतो. तीन वर्षं लागोपाठ पहिलं वाक्य तेच होतं: "अरे, परत तोच घोळ झालो मां! आता काय करूचा ता सांग." त्याची वर्षभराची खरी फी सोळा-सतरा लाख, पण हिशोबात आकडा एकवीस लाखांच्या वर. फॉर्म २६एएसमध्येही काही क्लायंटनी त्याला दिलेली रक्कम त्याच्या फीच्या दुप्पट-तिप्पट दिसते. मधले पैसे त्याच्याकडून नुसते वाहून गेलेले असतात. आले क्लायंटकडून, गेले सरकारला.

रत्नागिरीत बसून मी अशा आठ-दहा प्रोफेशनलचे हिशोब बघतो आणि हा घोळ बहुतेकांकडे कधी ना कधी निघालाय. आपल्याकडे तर तो होणारच. क्लायंट बागेत नाहीतर बंदरावर, रेंज नाही, बँकेचा ओटीपी मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा मुंबईला. मग "तुम्हीच भरून टाका, नंतर बघू" हे ठरलेलं. फी आपल्या कार्डावरून जाते, आणि महिन्याभराने बिल करताना आपण ती आपल्या फीत मिसळून एकच आकडा लिहितो. चूक त्या एका ओळीत असते.

आधी खात्री करा की दुखणं हेच आहे

२६एएस उघडा आणि फुगलेली वाटते ती एकच नोंद घ्या. त्या पार्टीची त्या तारखेची रक्कम आणि तुमची ठरलेली फी यांतला फरक काढा. मग त्या कामाची सगळी चलनं काढून त्यांची बेरीज करा. फरक आणि बेरीज रुपयाला रुपया जुळली तर कारण सापडलं. नाही जुळली तर दुखणं वेगळं आहे: मागच्या वर्षाचं बिल या वर्षात आलं असेल, किंवा पार्टीने जीएसटी धरून टीडीएस कापला असेल. दुसऱ्या प्रकारात फरक बरोबर फीच्या १८ टक्के येतो, त्यामुळे तो लगेच ओळखता येतो.

मित्राची नोंद अशी होती. वेंगुर्ल्याजवळची काजू प्रक्रिया करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. २०२४-२५ मध्ये त्याने तिचं अधिकृत भांडवल वाढवून दिलं, म्हणजे एसएच-७ फॉर्म, आणि ब्रँडसाठी दोन वर्गांत ट्रेडमार्कचे अर्ज केले: काजूगरासाठी वर्ग २९, कोकम सरबतासाठी वर्ग ३२. एसएच-७ चं चलन, राज्याच्या स्टॅम्प ड्यूटीसह, ९२,०००. ट्रेडमार्कची ऑनलाइन फी लघुउद्योगाला एका वर्गाला ४,५००, म्हणून दोन वर्गांची ९,०००. त्याची स्वतःची फी ४५,०००. बिलात मात्र एकच ओळ: "भांडवल वाढ व ट्रेडमार्क – १,४६,०००". त्यावर १८ टक्के जीएसटी २६,२८०. कंपनीच्या अकाउंटंटने १,४६,००० वर दहा टक्के, म्हणजे १४,६०० टीडीएस कापला. २६एएसमध्ये १,४६,०००, फी ४५,०००, फरक १,०१,०००. चलनांची बेरीज तीच.

इतकी वर्षं लक्षात का येत नाही

कारण नफा बिघडत नाही. चलन भरलं तेव्हा त्याने टॅलीत खर्च टाकला, Indirect Expenses खाली. बिल केलं तेव्हा पूर्ण रक्कम Indirect Incomes मध्ये गेली. एक लाख एक हजार उत्पन्नात वाढले, तेवढेच खर्चात वाढले, खाली नफा जसाच्या तसा. ताळेबंदही जुळतो, म्हणून कुणी शंका घेत नाही.

पण कलम ४४एडीएखाली रिटर्न भरणाऱ्याला हे महागात पडतं. तिथे खर्च कुणी विचारतच नाही. एकूण जमेच्या ५० टक्के नफा गृहीत धरला जातो. त्याच्या त्या वर्षाच्या वहीत फी १६,४०,००० आणि मध्ये अडकलेली सरकारी फी ५,१०,०००, मिळून २१,५०,०००. खऱ्या फीवर गृहीत नफा ८,२०,०००. फुगलेल्या आकड्यावर १०,७५,०००. म्हणजे सरकारला दिलेल्या पैशांवर त्याने २,५५,००० चं उत्पन्न स्वतःचं म्हणून दाखवलं आणि त्यावर कर भरला. सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ काही बोललाच नाही.

जीएसटी नोंदणी नसलेल्यांचं आणखी एक. सेवांसाठीची नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. खरी फी सोळा लाख असताना बिलांची बेरीज एकवीस लाख झाली, तर नोंदणी का नाही म्हणून विचारणा येऊ शकते.

नोंदणी असलेल्यांना क्लायंटच कधी कधी चूक दाखवून देतो. मित्राच्या तारकर्लीच्या होमस्टेवाल्या बाईंना ट्रेडमार्कच्या ४,५०० वर ८१० रुपये जीएसटी लावला गेला होता. त्यांनी थेट विचारलं, "सरकारच्या फीवर तुमचा जीएसटी कसला?" त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून ८१० टोचले. काजू कंपनीला क्रेडिट मिळालं, म्हणून तिथे १८,१८० जास्त लागूनही कुणी तोंड उघडलं नाही.

नियम नेमका काय मागतो

सीजीएसटी नियम २०१७ मधला नियम ३३ यासाठीच आहे. क्लायंटचा 'प्युअर एजंट' म्हणून भरलेली रक्कम आपल्या सेवेच्या मूल्यात धरायची नाही, असं तो सांगतो. नियमातच दिलेलं उदाहरण कंपनी नोंदणीचं आहे: रजिस्ट्रारकडे भरलेली नोंदणीची आणि नावाच्या मंजुरीची फी मूळची कंपनीवरच बसते, म्हणून सल्लागाराने ती वसूल केली तरी त्याच्या सेवेच्या किमतीत येत नाही. आपल्या कामाला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

अटी मात्र एकत्र पाळाव्या लागतात. तुम्ही क्लायंटच्या अधिकारपत्रावरून पैसे भरलेले हवेत, आणि तसा दोघांत करार हवा. बिलात ती रक्कम वेगळी दाखवलेली हवी. जे घेतलं ते तुमच्या स्वतःच्या सेवेपेक्षा वेगळं हवं, त्याची मालकी किंवा वापर तुमचा नसावा. आणि वसुली प्रत्यक्ष भरलेल्या रकमेइतकीच, एक रुपयाही जास्त नको.

करार म्हणजे स्टॅम्प पेपरच लागतो असं नाही. काम घेताना जे पत्र किंवा ईमेल जातं त्यात दोन वाक्यं घाला आणि क्लायंटचं "मान्य" घ्या. मी सगळ्यांना हे देतो:

```
कंपनीने देय असलेली सरकारी फी व मुद्रांक शुल्क आम्ही
आपले प्युअर एजंट म्हणून, आपल्या संमतीने भरू.
प्रत्यक्ष भरलेली रक्कमच चलनासह आपल्याकडून घेऊ.
```

हे पैसे भरण्याआधी झालं पाहिजे. बिल करताना मागच्या तारखेचं पत्र बनवायचा मोह होतो. तो आवरा.

चलन उघडून बघा

आता चलन हातात घ्या. एमसीएच्या पावतीवर दोन वेगळी नावं असतात. वर Received From खाली पैसे भरणाऱ्याचं नाव, म्हणजे बहुतेक वेळा लॉगिन करणाऱ्या तुमचंच. त्याखाली Entity on whose behalf money is paid, तिथे कंपनीचा सीआयएन, नाव आणि पत्ता. वरचं नाव बघून मित्र घाबरला होता, "पावती माझ्या नावावर आसा." असू दे. जबाबदारी कुणाची ते खालची चौकट सांगते आणि त्यासाठीच ही पावती जपायची. ज्या पोर्टलवर अशी दुसरी चौकट नसते तिथे अर्ज क्रमांकावरून क्लायंटचं नाव सिद्ध होतं, म्हणून अर्जाची पोच आणि पावती एकत्र ठेवा. ग्रासवर स्टॅम्प ड्यूटी भरताना पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात सरळ क्लायंटचंच नाव टाका. बँक खातं तुमचं असलं तरी चालतं.

बिल: इथे दोन कायदे दोन दिशांना ओढतात

जीएसटीचा नियम म्हणतो, रक्कम बिलात वेगळी दाखवा. टीडीएसच्या बाजूला ८ ऑगस्ट १९९५ चं सीबीडीटीचं परिपत्रक ७१५ आहे. त्यात खर्चाच्या भरपाईबद्दलच्या प्रश्नाला उत्तर असं की बिलाच्या रकमेतून भरपाई वजा करून टीडीएस कापता येणार नाही. त्यामुळे क्लायंटच्या अकाउंटंटला एकाच बिलात फी आणि सरकारी फी दिसली की तो पूर्ण रकमेवर दहा टक्के कापतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कमी कापला तर भुर्दंड त्याच्या कंपनीला पडतो.

म्हणून मी दोन कागद करायला सांगतो. पहिला टॅक्स इन्व्हॉइस, फक्त फीचा. सरकारी फीचा उल्लेख त्यात असतो, पण एकूण रकमेच्या खाली, माहितीपुरता. दुसरी रीइम्बर्समेंट नोट, तिला चलनं जोडलेली, आणि दोन्हींवर एकमेकांचे क्रमांक. काजू कंपनीचं बिल असं व्हायला हवं होतं:

```
टॅक्स इन्व्हॉइस क्र. ०४१
व्यावसायिक शुल्क           ४५,०००
सीजीएसटी ९%                ४,०५०
एसजीएसटी ९%                ४,०५०
एकूण                      ५३,१००
--------------------------------
प्युअर एजंट म्हणून भरलेली सरकारी फी
(करपात्र मूल्यात नाही,
नोट क्र. आर-०४१ पाहा)     १,०१,०००
```

उल्लेख खाली ठेवल्याने नियम ३३ ची अट पाळली जाते, आणि अकाउंटंट ज्या 'एकूण' आकड्यावर टीडीएस काढायला बसतो त्यात सरकारी फी येत नाही. भरपाईचं बिल वेगळं असेल तर त्यात उत्पन्नाचा अंश नसतो, म्हणून टीडीएस नाही, ही भूमिका घेता येते. टीडीएस ४५,००० वर ४,५००. कंपनीकडून हातात येतात १,४९,६००. जीएसटीआर-१ मध्ये करपात्र मूल्य ४५,०००, बाकी काही नाही.

(१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. इथली उदाहरणं त्याआधीच्या वर्षांची, म्हणून जुने आकडे ठेवलेत.)

टॅलीत खातं कुठे उघडायचं

सगळ्या मुळाशी एक खातं चुकीच्या गटात असतं. भरलेली सरकारी फी हा आपला खर्च नाही, आपलं येणं आहे. "सरकारी फी येणे" असं खातं Loans & Advances (Asset) खाली उघडा, शक्यतो प्रत्येक क्लायंटचं वेगळं. मग नोंदी अशा:

```
फी भरताना
  सरकारी फी येणे – काजू कंपनी   नावे  १,०१,०००
    बँक                       जमा  १,०१,०००

बिल व नोट देताना
  काजू कंपनी                  नावे  १,५४,१००
    व्यावसायिक शुल्क            जमा    ४५,०००
    सीजीएसटी व एसजीएसटी         जमा     ८,१००
    सरकारी फी येणे – काजू कंपनी  जमा  १,०१,०००
```

नोट दिली की त्या क्लायंटचं हे खातं शून्यावर आलं पाहिजे. महिन्याच्या शेवटी नुसती नजर टाका. नावे शिल्लक असेल तर एखादं चलन बिलात घालायचं राहून गेलंय, म्हणजे पदरचे पैसे अडकलेत. जमा शिल्लक असेल तर तुम्ही भरल्यापेक्षा जास्त वसूल केलंय, आणि प्युअर एजंटची अट तिथेच मोडली. मित्राच्या खात्यात पहिल्याच महिन्यात तीन हजार जमा निघाले. ९२,००० ऐवजी त्याने एका पार्टीकडून ९५,००० घेतले होते, "राउंड फिगर". वरचे तीन हजार ही फीच आहे. ते फीच्या ओळीत घ्यायचे आणि त्यावर जीएसटी लावायचा.

क्लायंटकडून आगाऊ पैसे मिळत असतील तर उत्तमच, पण त्याला सांगून ठेवा की फीचा अ‍ॅडव्हान्स आणि सरकारी फीचे पैसे दोन वेगळ्या ट्रान्सफरने पाठव. एकत्र आले की तिकडे परत एकाच रकमेवर टीडीएस कापला जातो.

या पिशवीत काय घालायचं नाही

हे जमायला लागलं की माणूस सगळाच खर्च भरपाईत ढकलायला बघतो. मित्राने कोकणकन्येचं तिकीट, मुंबईतलं एक रात्रीचं लॉज आणि कुरिअर हेही नोटमध्ये टाकलं होतं. ते चालत नाही. प्रवास त्याने स्वतःची सेवा देण्यासाठी केला, तिकीट त्याने वापरलं. क्लायंट पैसे देणार असला तरी तो त्याच्या सेवेच्या किमतीचाच भाग, त्यावर जीएसटी लागणार आणि तो जमेतही येणार. प्रश्न एवढाच विचारायचा: मी मध्ये नसतो तर ही रक्कम सरकारला कुणी देणं लागलं असतं? एसएच-७ ची फी कंपनीच देणं लागली असती. लॉजचं भाडं नाही.

विलंब शुल्काचंही असंच तपासा. एओसी-४ उशिरा भरला की दिवसाला १०० रुपये लागतात आणि ते कंपनीवर बसतात. कंपनीने ताळेबंद वेळेत दिला नाही म्हणून उशीर झाला असेल तर चलनाप्रमाणे भरपाई घ्या. उशीर तुमच्यामुळे झाला आणि तुम्ही पदरचे भरले, तर ते येणं म्हणून वर्षानुवर्षं वहीत ठेवू नका, तुमच्या खर्चात टाका.

झालेलं बिल सुधारता येतं का

काही अंशी. जीएसटी जास्त लावला असेल तर कलम ३४ ची क्रेडिट नोट देता येते. मुदत ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. २०२४-२५ च्या बिलासाठी ती ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली. पण मूळ बिल एकाच ओळीचं असेल, तर रक्कम वेगळी दाखवण्याची अटच पाळली नव्हती असं अधिकारी म्हणू शकतो. म्हणून काजू कंपनीच्या बिलाला आम्ही हात लावला नाही. तिने क्रेडिट घेतलेलं होतं, क्रेडिट नोट दिली असती तर तिला ते उलटवावं लागलं असतं. होमस्टेवाल्या बाईंच्या बिलात फी आणि ४,५०० वेगळ्या ओळींवर होते, संमतीचा ईमेलही होता, फक्त जीएसटी दोन्हींवर लागला होता. तिथे मुदतीत क्रेडिट नोट दिली आणि ८१० रुपये परत केले.

टीडीएससाठी क्लायंटला २६क्यूचं दुरुस्ती विवरणपत्र भरायला लावावं लागतं. विनंतीच्या पत्राला चलनं जोडली की काही करतात, बरेच करत नाहीत. नाही केलं आणि तुम्ही फक्त खरी फी दाखवून पूर्ण टीडीएसचं क्रेडिट मागितलंत, तर २६एएसमधली जमा रिटर्नपेक्षा जास्त आहे म्हणून कलम १३९(९) ची सदोष रिटर्नची नोटीस येऊ शकते. तिला घाबरून आकडा वाढवू नका. पोर्टलवर असहमती नोंदवा आणि पार्टीवार तक्ता द्या: २६एएसची रक्कम, फी, सरकारी फी, चलन क्रमांक. एआयएसमध्येही त्या नोंदीवर Information is not fully correct असा अभिप्राय देऊन ठेवा. त्याने २६एएस बदलत नाही, पण तुमचं म्हणणं आधीपासून नोंदलेलं राहतं.

या जुलैतही कुडाळहून फोन आला. फरक होता ९,००० चा, जास्त टीडीएस ९०० रुपये. एका पार्टीच्या नव्या अकाउंटंटने इन्व्हॉइस आणि नोट एकत्र धरून टीडीएस कापला होता. चलनांसकट पत्र त्याच दिवशी गेलं.